जाळ बुडाखालीच हवा

रविवारची सुरमई. हळद-तिखट-मीठ-कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवलेली, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवलेली. पॅनमध्ये तीन तुकड्या सोडल्या, तेल छान चुरचुरलं, वास घरभर गेला. चार मिनिटांनी उलटून बघते तर प्रत्येक तुकडीची पॅनच्या कडेकडची बाजू काळपट झालेली आणि मधल्या बाजूचा रवा अजून पांढुरका. तेवढ्यात पॅन जरा सरकवावा म्हणून दांडा धरला आणि हात झटकन मागे घेतला. मग नॅपकिन शोधा, पॅन उतरवा, बोटं नळाखाली धरा.

बरीच वर्षं मला वाटायचं, दोष पॅनचा. स्वस्तातला पॅन, पातळ पत्रा, दुसरं काय होणार! मालवणची माझी आत्या एकदा राहायला आली होती. ती ओट्याजवळ आली, किंचित वाकून शेगडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगो, जाळ तव्याच्या भायर कित्याक? भायर मासो हा काय?" तिने पॅन उचलून शेजारच्या लहान बर्नरवर ठेवला. पुढच्या तीन तुकड्या एकसारख्या सोनेरी झाल्या, आणि दांडा मी उघड्या हाताने धरला. पॅन तोच, तेल तेच, मासाही तोच.

आत्याने जे एका नजरेत केलं ते नीट समजून घ्यायला मला पुढे बरेच दिवस लागले. त्यासाठी आधी वाकून बघावं लागतं, तिच्यासारखं. आपण गॅसकडे नेहमी वरून बघतो आणि वरून फक्त भांडं दिसतं. दिवा बंद करून, ओट्यापासून हातभर लांब राहून, डोळे शेगडीच्या पातळीला आणले की खरा प्रकार कळतो. बर्नरच्या टोपीला कडेने भोकं असतात. त्यातून निघणाऱ्या ज्योती सरळ वर जात नाहीत, त्या बाहेरच्या बाजूला तिरक्या निघतात. वर भांड्याचं बूड आडवं आलं की त्या बुडाला टेकून बाहेर वळतात आणि बुडाला घासत कडेपर्यंत जातात. निळी ज्योत जिथे संपलेली दिसते तिथे उष्णता संपत नाही. तिच्यापुढे तापलेल्या वायूचा, डोळ्यांना न दिसणारा झोत असतो, तोही बुडाला चिकटून बाहेर सरकतो आणि कडेला पोचला की वर उसळतो.

म्हणजे ज्योतीचं टोक बुडाच्या आत संपलं तर तो उरलेला झोत कडेपर्यंतचा प्रवास बुडाला उष्णता देत करतो. कडेवरून वर जाईपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. पण ज्योतच कडेबाहेर आली तर पॅनची भिंत आणि दांड्याचा सांधा थेट जाळात सापडतात. बूड सोडून सगळं तापतं.

आता मोजमाप. माझ्या पॅनवर 24 सेंटिमीटर असं लिहिलेलं आहे, आणि इथेच पहिली फसगत होते, कारण तो आकडा वरच्या तोंडाचा असतो. पॅन उपडा घालून सपाट बुडावर पट्टी ठेवली तर भरले 17 सेंटिमीटर. भिंती उतरत्या असल्यामुळे वरच्या तोंडात आणि बुडात सात सेंटिमीटरचा फरक. मग पॅनमध्ये पाणी भरून तो मोठ्या बर्नरवर ठेवला, गॅस फुल केला आणि शेगडीसमोर स्टीलची फुटपट्टी आडवी धरून लांबून अंदाज घेतला. ज्योतींचं कडं साधारण 19 ते 20 सेंटिमीटर रुंद होतं, म्हणजे बुडाच्या प्रत्येक बाजूने सेंटिमीटरभर, कुठे त्याहून जास्त, बाहेर. लहान बर्नरवर फुल गॅसला तेच कडं 12-13 भरलं, म्हणजे दोन्हीकडे दोन सेंटिमीटर आत. आत्याचा डोळा पट्टीइतकाच नेमका होता. तुमच्या शेगडीचे आकडे वेगळे येतील, कारण बर्नरच्या टोप्या आणि जाळीची उंची कंपनीगणिक बदलतात. पण दोन्ही बाजूंनी ज्योत बुडाच्या दोनेक सेंटिमीटर आत राहावी, हा अंदाज कुठल्याही सपाट बुडाच्या भांड्याला चालतो.

मग कुणीही म्हणेल, मोठ्याच बर्नरवर गॅस बारीक केला की झालं! इथे जरा थांबावं लागतं. बटण फिरवून आपण ज्योतीची लांबी कमी करतो, बर्नरच्या भोकांचं वर्तुळ कमी करत नाही. माझ्या मोठ्या बर्नरची टोपी 9 सेंटिमीटरची आहे. गॅस पार सिमवर नेला तरी ज्योती त्या नऊ सेंटिमीटरच्या कडेलाच पेटतात, बारीक दातांसारख्या, आणि मधोमध काहीच नसतं. टोपीच्या मध्यावरचा तो पट्टा थंड राहतो. जितका बर्नर मोठा तितकं ते थंड वर्तुळ मोठं. लहान बर्नरच्या टोपीची रुंदी साडेसहा सेंटिमीटर, त्यामुळे त्याचा थंड मध्य लहान, आणि पत्र्यातून सरकणारी उष्णता तो सहज भरून काढते. मोठा बर्नर बारीक केला की लहान बर्नर होत नाही, हे मला पटायला सर्वांत वेळ लागला.

तरी मध्यम गॅसवर मोठा बर्नर कामाला येतो. माझ्या 17 सेंटिमीटरच्या बुडाखाली तो मधल्या जागी ठेवला तर कडं 15 च्या आसपास येतं, म्हणजे जेमतेम आत. अडचण अशी की आपल्याकडच्या साध्या शेगड्यांच्या बटणात फुल आणि सिम यांच्यामधली जागा फार थोडी असते. बटण दाबून डावीकडे फिरवलं की आधी फुल येतं आणि तसंच पुढे फिरवत गेलं की सिम. गॅस कमी करायचा तो फुलच्या पुढे जाऊन. काहीजण बंदकडे परत आणून कमी करतात. तिथे ज्योत बारीक होते खरी, पण ती जागा त्यासाठी केलेली नाही. जरा धक्का लागला की ज्योत विझते किंवा लपलपत राहते.

हे सगळं ज्योत बघून कळतं, पण पॅनच्या आतल्या तळाला किती आणि कुठे उष्णता पोचली ते दिसत नाही. ते बघायची एक सोपी युक्ती आहे, त्याला फक्त मूठभर कणीक लागते. कोरडा पॅन घ्या (नॉनस्टिक नको, ते कोरडं तापवू नये, त्याचा लेप सुमारे 260 अंशांच्या वर खराब व्हायला लागतो). स्टीलचा किंवा लोखंडाचा पॅन चालेल. चमचा-दोन चमचे कणीक तळावर चाळणीने पातळ, सारखी भुरभुरवा. मध्यम गॅसवर ठेवा आणि हलवू नका. दोन-तीन मिनिटांत कणीक तांबूस व्हायला लागेल, आणि ती कुठे आधी तांबूस होते त्यावर नजर ठेवा.

मी माझ्या स्टीलच्या पॅनवर मोठ्या बर्नरने हे केलं तेव्हा कणकेवर अगदी बांगडी उमटली. भिंतीला लागून तपकिरी कडं, मध्ये लिंबाएवढा पांढरा ठिपका. लहान बर्नरवर बांगडी आत सरकली, मध्य लवकरच तिला मिळाला, आणि फक्त भिंतीजवळची किनार फिकी राहिली. तिकडे तशीही मासळी नसते. तांबूस झाली की लगेच खाली उतरवा. धूर आला तर पुढच्या वेळी गॅस आणखी कमी.

कुठल्या धातूचा पॅन आहे यावर ही बांगडी किती ठळक दिसते ते ठरतं. ॲल्युमिनियम उष्णता आडवी फार पटकन पसरवतं. बिडाचं लोखंड तिच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शाने, आणि स्टील तर पंधराव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून जाड बुडाच्या ॲल्युमिनियमच्या पॅनमध्ये बर्नरची थोडी चूक झाकून जाते आणि साध्या स्टीलच्या पॅनमध्ये ती उघडी पडते. स्टीलच्या भांड्यांच्या बुडाला ॲल्युमिनियमचा थर देतात तो यासाठीच.

आणखी एक गोष्ट. कणकेचा रंग सारखा आला पण मासा तळताना तेल एका बाजूला जमतंय, तर जाळाला दोष देऊ नका. पॅन थंड असताना उपडा घालून बुडावर पट्टी आडवी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला की बूड वाकलेलं आहे. मोठ्या जाळावर मध्य आधी फुगतो आणि पातळ पत्रा तसाच राहून जातो. तापलेला पॅन थेट नळाखाली धरला तर तेच होतं. असा पॅन कुठल्याच बर्नरवर सरळ तळणार नाही.

दांड्याची गोष्ट मात्र वेगळीच आहे, कारण तो तीन वाटांनी तापतो. एक, पॅनच्या पत्र्यातून रिबिटांवाटे. दोन, बुडाच्या कडेवरून वर उसळणाऱ्या गरम झोताने. तीन, खालच्या ज्योतीची धग थेट लागून. पहिली वाट बंद करता येत नाही, पण ती सावकाश असते. स्टील उष्णता सावकाश वाहतं, म्हणून स्टीलचा लांब दांडा असलेल्या पॅनवर जाळ बुडाखाली राहिला तर दहा-पंधरा मिनिटांच्या तळणात दांड्याचं टोक हाताला कोमट लागतं, इतकंच. चटका देतात त्या दुसऱ्या दोन वाटा, आणि त्या दोन्ही ज्योत बुडाबाहेर आली की उघडतात.

बॅकेलाइटचे काळे दांडे यापासून वाचवतात असा आपला समज. ते उष्णता नेत नाहीत हे खरं. लिओ बेकलंड या मूळच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने 1907 साली ते अमेरिकेत बनवलं, आणि एकदा साच्यात पक्कं झालं की ते पुन्हा वितळत नाही. पण वितळत नाही म्हणजे जळत नाही असं नव्हे. ज्योत सतत लागत राहिली की ते करपतं, त्याची चमक जाते, मग बारीक भेगा पडतात. अशा वेळी औषधी, नाक चुरचुरवणारा वास येतो. एकदा ओळखला की विसरत नाही. खरं नुकसान दांड्याच्या आतच होतं. स्क्रूभोवतीचं बॅकेलाइट भुसभुशीत होतं, स्क्रू सैल होतो, आणि एखाद्या दिवशी तेल भरलेला पॅन हातात असताना दांडा गर्रकन फिरतो. चांगल्या पॅनवर पॅन आणि बॅकेलाइट यांच्यामध्ये धातूची एक छोटी टोपी असते, ती या जाळापासून आडोसा म्हणून. दांडा हलायला लागला की स्क्रू आवळून घ्यावा, आणि वारंवार आवळावा लागत असेल तर गाठ बर्नरशी आहे हे ओळखावं.

पॅन जुना असेल तर काहीही मोजायला नको, तो स्वतःच सांगतो. त्याची बाहेरची बाजू उजेडात धरा. जाळ बुडाबाहेर जात असेल तर भिंतीवर खालून वर चढत गेलेला तपकिरी-पिवळट, चिकट थर दिसतो, कितीही घासला तरी न जाणारा. तेलाचे उडालेले थेंब भिंतीवर जळून चिकटलेले असतात ते. बुडाखाली जाळ राहिलेल्या पॅनची भिंत बऱ्यापैकी स्वच्छ असते. दांडा उलटा करून बघा: त्याच्या खालच्या बाजूचा काळा रंग राखाडी आणि खरखरीत झालेला असेल, वरची बाजू मात्र गुळगुळीत. माझ्या जुन्या पॅनच्या दांड्यावर हे सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, मी फक्त वाचलं नव्हतं. काजळी मात्र वेगळी, ती पिवळ्या ज्योतीची खूण. बर्नरची भोकं बुजली किंवा हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि भांडं काळं करते. मीठ लावलेल्या माशाचं पाणी बर्नरवर सांडलं तर ज्योत थोडा वेळ नारिंगी-पिवळी दिसते. ती मिठातल्या सोडियमची, त्याने काजळी धरत नाही, सांडलेलं जळून गेलं की निळी होते.

ओट्यासमोर खिडकी असेल तर वाराही हिशेबात घ्या. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते आणि त्या बाजूची तुकडी करपते, बर्नर कितीही बरोबर असला तरी. तेव्हा दांडा वारा येतो त्या बाजूला ठेवायचा, जाळ जिकडे झुकतो तिकडे नाही. आणि शेजारच्या पेटत्या बर्नरवर दांडा जाणार नाही असा पॅन फिरवायचा. हे सांगायची गरज वाटते, कारण भाजी एकीकडे, मासे दुसरीकडे अशा घाईत बहुतेक दांडे तिथेच करपलेले मी पाहिले आहेत.

शेगडी बनवणाऱ्यांनाही हा मेळ माहीत असतो. घरगुती एलपीजी शेगड्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 4246, आणि त्यानुसार शेगडीची कार्यक्षमता निदान 68 टक्के असावी लागते. ती तपासताना कुठल्याही बर्नरवर कुठलंही भांडं ठेवत नाहीत. बर्नर किती गॅस जाळतो त्यावरून भांड्याचा आकार ठरवून दिलेला असतो. लहान भांडं मोठ्या बर्नरवर ठेवून आपण ती टक्केवारी स्वतःच खाली आणतो.

आता ज्या भांड्यांना हा नियम नीट लागू पडत नाही, तीही बघायला हवीत. डोसा-आंबोळीचा 30 सेंटिमीटरचा बिडाचा तवा घ्या. घरगुती बर्नरचं कडं त्याच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि बीड उष्णता आडवी लवकर नेत नाही. मोठा बर्नर, मध्यम गॅस आणि पाच-सात मिनिटं सबुरीने तापवणं, एवढंच करता येतं. मग थालीपीठ करताना आजी तवा दर मिनिटाला पाव वळसा फिरवायची ते कशासाठी, हे कळतं. एकाच कड्यावर ती भरवसा ठेवत नसे.

गोल बुडाच्या कढईला सपाट बूडच नसतं, म्हणून ज्योत सहज भिंतीवर चढते. तिथे बुडाऐवजी तेलाची पातळी बघायची. ज्योतीचं टोक तेलाच्या पातळीच्या खाली राहिलं पाहिजे. तेल अर्ध्या कढईपर्यंत आणि जाळ त्याच्या वरपर्यंत असेल, तर तेलाच्या वरची कोरडी भिंत लाल तापते, तिथे उडालेलं तेल लगेच धुरकटतं आणि कढईचे कान हात लावू देत नाहीत. पुऱ्या संपत आल्यावर तेल कमी होतं, तेव्हा गॅसही कमी करायचा, हे बरेचदा राहून जातं.

फोडणीची पळी तर सगळ्यांवर वरताण. बूड जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर, त्यापेक्षा लहान बर्नरची टोपीच मोठी. जाळ बाहेर येणारच. माझी पहिली पळी बॅकेलाइटच्या दांड्याची होती आणि वर्षभरात तिचा दांडा हातात सुटून आला, सुदैवाने तेव्हा तिच्यात मोहरी नव्हती, फक्त तेल होतं. आता माझ्याकडे लोखंडाची लांब दांड्याची पळी आहे. लहान बर्नर सिमवर, वर जाळीचं बारीक तिकाटणं म्हणजे पळी कलंडत नाही, आणि दांडा वाऱ्याकडे. तेल तापायला दोन मिनिटं जास्त लागतात. मोहरी तडतडली की मी पळी नॅपकिनशिवाय उचलते, वरणावर ओतते, आणि ती थंड होईपर्यंत बाजूच्या सिंकमध्ये टाकत नाही.